उशीर कळवायलाही उशीर

लग्नाचं जेवण उशिरा झालं की केटररकडून दुसऱ्या दिवशी बहुधा एक साचेबंद ओळ येते: ‘काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब झाला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ पुण्याजवळच्या एका कार्यालयातल्या लग्नानंतर केटररनं यजमानांना पाठवलेलं पत्र मात्र वेगळं होतं. त्यात विनवणी कमी आणि हिशेब जास्त होता.

ठरलेली पानं ६००, प्रत्येकी २०० च्या तीन पंगती. पहिली साडेबाराला बसायची होती, ती बसली पावणेदोनला. वाढणं, जेवणं, पानं उचलून पुन्हा मांडणं, यात एका पंगतीला पन्नास मिनिटं जातात. त्यामुळे दोन वाजून दहा मिनिटांनी बसायची तिसरी पंगत साडेतीनच्या सुमारास बसली. तोवर ६० माणसं न जेवताच निघून गेली होती. पत्रात हा आकडा सर्वांत आधी होता.

मग कारण. मसालेभाताची दोन मोठी पातेली दोन भट्ट्यांवर होती आणि दोन्ही भट्ट्या एकाच व्यावसायिक सिलिंडरवर चालवल्या होत्या. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना तो आपल्यातली आणि पत्र्यातली उष्णता खेचून घेतो. ओढ फार झाली की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव आणि बर्फ धरतो, आतला दाब उतरतो आणि निम्मा गॅस शिल्लक असूनही ज्योत मंदावते. थंडीतल्या सकाळी हे लवकर होतं. उपाय साधा आहे: दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडायचे, म्हणजे ओढ वाटली जाते. जादा सिलिंडर गोदामात राहिले होते, ते यायला तास लागला. घाईनं सिलिंडर आडवा करण्याचा सल्ला कुणीतरी दिला, तो आचाऱ्यानं मानला नाही. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस थेट नळीत येऊ शकतो आणि भडका उडू शकतो. पत्रात याचा उल्लेख होता, पण फुशारकी नव्हती. सिलिंडर कमी आणले ही चूक आमचीच, असं पुढच्याच वाक्यात म्हटलं होतं.

अन्नाचं काय झालं, हेही लिहिलं होतं. वरण आणि बटाट्याची भाजी पुन्हा उकळून गरमच ठेवली. दह्यातली कोशिंबीर तशी उकळता येत नाही, म्हणून तिसऱ्या पंगतीला ती वाढलीच नाही. उरलेलं जेवण एरवी यजमानांच्या घरी डब्यांतून जातं, त्या दिवशी ते पाठवलं नाही. ज्या ६० जणांना जेवण मिळालं नाही, त्यांच्या पानांचे पैसे बिलातून वजा केले. पुढच्या कामापासून एका सिलिंडरवर दोन मोठ्या भट्ट्या चालवायच्या नाहीत, आणि जादा सिलिंडर सामानाच्या पहिल्याच गाडीत चढवायचे, असं ठरवलं.

इथवर पत्र चोख होतंच. पण त्याचं खरं मोल शेवटच्या परिच्छेदात आहे. ज्योत उतरल्याचं आचाऱ्याच्या लक्षात आलं अकरा चाळीसला. यजमानांना सांगितलं बारा पन्नासला, तेही पाहुणे पंगतीच्या जागी येऊन उभे राहिल्यावर. मधली सत्तर मिनिटं ‘होईल आता’ या आशेवर गेली. केटररनं लिहिलं होतं, की गॅसची चूक एका फेरीत सुधारता आली असती, पण तुम्हाला अंधारात ठेवलं याची माफी वेगळी मागायला हवी.

या सत्तर मिनिटांत बरंच करता आलं असतं. पुऱ्या, भाजी आणि मठ्ठा तयार होता. म्हातारी माणसं, मुलं आणि मधुमेहाची औषधं घेणारे यांना आधी बसवता आलं असतं. जेवणानंतरचे फोटो आधी उरकता आले असते. गाडी पकडायची असलेल्यांना वेळेवर सांगता आलं असतं. भात लवकर शिजवणं कुणाच्या हाती नव्हतं, पण पाहुण्यांचा वेळ कसा घालवायचा हे ठरवणं यजमानांच्या हाती होतं. न सांगितल्यामुळे तेही त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं.

उशीर लपवणाऱ्याला वाटतं की आपण समोरच्याची काळजी वाचवतोय. प्रत्यक्षात वाचते ती आपली लाज, तीही थोडाच वेळ. म्हणून ज्यांच्या हातात दुसऱ्यांचा वेळ आहे, त्यांनी एवढं करावं: काम रखडणार हे कळताच, उपाय सापडायच्या आधी, संबंधितांना सांगावं. माफी नंतर मागता येते, वेळ मात्र परत देता येत नाही.