एकटे पालकत्व आणि मुलाचे हित

अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तीने मूल दत्तक घेण्याची इच्छा व्यक्त केली की ‘मुलाकडे बघणार कोण?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न मुलाच्या काळजीपोटी येतो, म्हणून त्याला तुच्छ लेखू नये. मात्र त्या काळजीतून कोणता निष्कर्ष निघतो, हे नीट तपासायला हवे.

भुसावळच्या दिवाणी न्यायालयापुढे असाच एक अर्ज आला होता. नोकरी करणारी एक घटस्फोटित स्त्री आपल्या सख्ख्या बहिणीची लहान मुलगी दत्तक घेऊ इच्छीत होती. मुलीच्या जन्मदात्यांची संमती होती. तरीही अर्ज फेटाळला गेला. अर्जदार एकटी व नोकरदार, ती मुलीकडे जातीने लक्ष देऊ शकणार नाही. जन्मदाती आई मात्र गृहिणी आहे, असा न्यायालयाचा विचार होता. 11 एप्रिल 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी तो आदेश रद्द करून दत्तकविधानास मान्यता दिली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. 2015 चा बाल न्याय अधिनियम एकट्या व घटस्फोटित व्यक्तीला दत्तक घेण्याची मुभा देतो. एकटा पालक सामान्यतः पोटासाठी काम करणारच. काम करणे हीच अपात्रता मानली, तर कायद्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

येथे एक नैतिक भेद ध्यानात येतो. खालच्या न्यायालयाने मुलीचे हित एका आदर्श घराच्या चित्रावरून मोजले. वस्तुतः हित म्हणजे या विशिष्ट मुलाचे, या विशिष्ट माणसाच्या घरातील हित. गृहिणी असलेली आई प्रेमळ असेल तशी नसूही शकेल. नोकरदार मावशीचेही तसेच. माणसाची स्थिती पाहून हे ठरत नाही, ते माणूस पाहून ठरते.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती दाम्पत्याला दीर्घकाळ 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालक म्हणून नेमणूक मिळत असे. 2000 च्या बाल न्याय अधिनियमाने, विशेषतः त्यातील 2006 च्या दुरुस्तीने, दत्तकाची वाट धर्माचा भेद न करता खुली झाली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती सर्वांना खुली असल्याचे स्पष्ट केले.

पालकत्व आणि दत्तक यांतील अंतर एकट्या पालकाच्या बाबतीत सर्वाधिक जाणवते. समजा, कसबा पेठेतील एक अविवाहित परिचारिका आपल्या दिवंगत बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलीचा सांभाळ करू इच्छिते. ती केवळ पालक झाली, तर तिचा अधिकार मुलगी सज्ञान होताच संपेल आणि स्वतः परिचारिकेचा मृत्यू झाला तर त्याच क्षणी. मृत्युपत्र केले नसेल, तर मुलगी तिची अपत्य म्हणून वारसही ठरणार नाही. दोन पालकांच्या घरी एक गेला तरी दुसरा उरतो. येथे दुसरा कोणी नाही. दत्तकाने मात्र मुलगी कायद्याने तिची लेक होते. ते नाते कोणत्याही वाढदिवशी संपत नाही, आणि आईच्या मृत्यूनंतरही वारसाहक्क उरतो. ज्या मुलीला एकच आधार मिळणार, तिला तो पक्का मिळावा, हे न्याय्यच नव्हे काय?

म्हणून ‘बघणार कोण?’ हा प्रश्न नकारासाठी वापरू नये. त्याचे उत्तर शोधावे. घरी येऊन चौकशी करणाऱ्या समाजसेवकाने परिचारिकेला विचारावे : रात्रपाळी असेल तेव्हा मुलगी कोठे झोपेल? तिला ताप आला तर रजा मिळते का? शेजारची आजी खरोखर येते, की केवळ नाव सांगितले आहे? तुमचेच काही बरेवाईट झाले तर? दत्तकाच्या नियमांनी एकट्या अर्जदाराकडून, असा प्रसंग आल्यास मुलाचा सांभाळ करू असे नातेवाइकाचे हमीपत्र मागितले आहे. ते हमीपत्र कपाटात पडून राहिले तर व्यर्थ. सही करणाऱ्या मामाला मुलीची शाळा ठाऊक असेल, ती त्याच्या घरी अधूनमधून मुक्कामाला जात असेल, तरच त्या कागदाला अर्थ. नात्यातील दत्तकात पाच वर्षांवरील मुलाची संमतीही घ्यावी लागते. ती घेताना मुलीला कोणी पढवून आणले आहे का, हेही पाहावे.

उत्तरे पोकळ निघाली, तर नकार योग्यच. त्या नकाराचे कारण तिचे एकटेपण नसेल. मुलीसाठी व्यवस्था नव्हती, हे असेल. आणि तोच तपास विवाहित दाम्पत्याचाही तितक्याच कसोशीने व्हावा. दोन सह्या असलेल्या अर्जामागेही मुलाला वेळ देणारे कोणी नाही, असे घडू शकते.