न बसलेलं काम

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिक 2006-07 पासून आपल्या भागातली छोटी कामं अर्जाने सुचवतात. एका कामाला 5 लाखांची मर्यादा असते. या अर्जांवर मतदान होत नाही. पण एखाद्या वस्तीने आधी बैठक घेतली, हात वर करून क्रम लावला आणि मग तो तक्त्यात उतरवला, तर तक्ता भरणाऱ्याच्या हातात काय काय येतं ते पाहण्यासारखं आहे.

समजा, वाट्याला 8 लाख आले. एकाने हवी तितकी कामं निवडायची. पदपथाला 58 मतं, अंधाऱ्या गल्लीतल्या दिव्यांना 51, शौचालयाच्या दुरुस्तीला 37, बाकांना 33. कनिष्ठ अभियंत्याचे अंदाज अनुक्रमे 4.80, 3.80, 2.90 आणि 1.10 लाख. क्रमाने जायचं तर पदपथ घेतल्यावर 3.20 लाख उरतात. त्यात दिवे बसत नाहीत, शौचालय बसतं. पदपथ सोडला, तर उरलेली तिन्ही कामं 7.80 लाखांत होतात. पण सर्वाधिक मतांचं काम मागे पडतं. दोन्हींच्या बाजूने बोलता येतं. माझ्या मते क्रमाने जाणंच बरं, कारण लोकांनी क्रम लावला होता, बेरीज नाही. पण न बसणारं काम वगळून पुढे जायचं की तिथेच थांबायचं, हे हात वर होण्याआधी फळ्यावर लिहायला हवं. मतमोजणीनंतर ठरवलेला नियम कितीही न्याय्य असला, तरी कुणाच्या तरी सोयीचा वाटतोच.

अंदाजही आधीच हवेत. मतदानानंतर आलेल्या आकड्याने दिवे बाद झाले, तर नेमकं कुणी बाद केले?

आता तक्ता. ‘मंजूर झालेलीच कामं लिहा, उगाच वाद नको,’ असं कुणीतरी सुचवतंच. मग पदपथ आणि शौचालय या दोनच ओळी उरतात आणि 51 लोकांचं मागणं कुठेच नोंदलं जात नाही. दिव्यांची ओळ ठेवावी: मतं 51, अंदाज 3.80 लाख, निर्णय नामंजूर, कारण ‘उरलेल्या 3.20 लाखांत बसत नाही’. कामाचं वर्णनही लोकांच्याच शब्दांत असावं. ‘शाळेमागच्या गल्लीत चार दिवे’ याचं ‘प्रभागात विविध ठिकाणी विद्युतविषयक कामे’ झालं, की लेखाशीर्ष सापडतं आणि गल्ली हरवते. पुढे कोणत्याही खांबावर तो खर्च दाखवता येतो.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून लोकसहभागाचा अर्थसंकल्प राबवताना ठरलेल्या कामांची पुस्तिका छापली. आपल्या वस्तीचं काम कुणालाही त्यात शोधता यायचं.

पुढच्या वर्षी मात्र ही 51 मतं तशीच पुढे ओढू नयेत. दिव्यांची ओळ कारणासकट वाचून दाखवावी, नवा अंदाज मागवावा आणि त्या दिवशी आलेल्यांना पुन्हा विचारावं.