सुरुवातीचे काही सेकंद

ड्रोन टेबलावर ठेवा. गिंबलचे प्लॅस्टिकचे कव्हर काढले आहे ना, ते पाहा. बॅटरी अजून सुरू करू नका. आधी फक्त समोर बसा आणि त्या छोट्या कॅमेऱ्याकडे पाहा. तीन बारीक मोटरींनी त्याला तोलून धरायचे असते. एक त्याला वर-खाली झुकवते, दुसरी क्षितिज सपाट ठेवते, तिसरी डावी-उजवीकडे वळवते.

आता सुरू करा, आणि हात मागे घ्या. कॅमेरा एकदा वर जाईल, खाली जाईल, बाजूला वळेल आणि समोर येऊन थांबेल. ही त्याची स्वतःची तपासणी. त्यानंतरची शांतता नीट ऐका. लेन्स स्तब्ध आहे का? की बारीक थरथरते आहे, मोटरीतून गुणगुण येते आहे? की थरथर काहीच नाही, पण पडद्यावरचे क्षितिज हळूहळू एका बाजूला कलते आहे?

थरथर आणि कलणे, या दोन तक्रारींची मुळे बहुधा वेगळी असतात. त्या एकत्र करू नका.

कलण्यापाशी थोडे थांबू. कॅमेऱ्याजवळ जायरो नावाचा सेन्सर असतो. तो फिरण्याचा वेग मोजतो. पण अगदी निश्चल असतानाही तो नेमके शून्य दाखवत नाही. तराजूला पासंग असतो तसा त्याच्यातही थोडा कल असतो. समजा, हा कल सेकंदाला 0.02 अंश आहे. आकडा नगण्य वाटतो. पण तो तसाच साठत गेला, तर एका मिनिटात 1.2 अंश होतात, पाच मिनिटांत 6. समुद्राची रेषा सहा अंश तिरकी झाली, तर कोणाच्याही डोळ्याला खुपेल. म्हणून सुरू होताना ड्रोन निश्चल असला पाहिजे: त्या वेळी जायरो जे दाखवतो, तोच त्याचा कल मानून पुढे वजा केला जातो. नेमके त्याच वेळी आपण ड्रोन हातात धरलेला असतो, नाहीतर गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवलेला असतो. मग हाताचा कंपही त्या हिशेबात शिरतो. शिवाय तापमान बदलले की हा कल बदलतो. एसी गाडीतून उन्हात काढलेल्या ड्रोनला म्हणूनच काही मिनिटे तशीच द्यावीत.

वर-खाली झुकणे आणि क्षितिज, या दोन्हींना गुरुत्वाकर्षणाचा आधार आहे. दुसरा सेन्सर ‘खाली’ कुठे आहे ते सतत सांगतो आणि चूक दुरुस्त होत राहते. जोराच्या वळणात हा सेन्सरही फसतो. त्यामुळे वळणानंतर क्षण-दोन क्षण तिरके झालेले क्षितिज आपोआप परतले, तर काळजी नको. डावी-उजवीकडे वळण्याला मात्र गुरुत्वाकर्षणाची मदत मिळत नाही.

आता दुरुस्ती. टेबलावर पाणसळ ठेवून पृष्ठभाग सपाट आहे का बघा. डोळ्यांवर विसंबू नका. DJI Fly ॲपमध्ये `Control` या भागात `Gimbal Calibration` आहे. त्यातला `Auto` निवडा. ते संपेपर्यंत टेबलाला धक्का नको, पंख्याचा वाराही नको. त्यानंतरही क्षितिज तिरके असेल, तर उघड्यावर जाऊन दूरची खरी आडवी रेषा समोर घ्या आणि `Manual` मध्ये अगदी थोडे थोडे सुधारा. डोंगराची कड यासाठी घेऊ नका, ती सहसा सपाट नसते.

थरथरीसाठी हा मार्ग सहसा उपयोगाचा नाही, कारण ती बहुधा ओझ्याची किंवा अडथळ्याची असते. ड्रोन बंद करा. एका बोटाने कॅमेरा हलकेच तिन्ही दिशांनी फिरवा. तो कुठे अडतो का, वाळूचा कण कुठे किरकिरतो का, ते बोटाला समजेल. जोर लावू नका. कण असेल तर हातपंपाच्या हवेने उडवा. कॅमेऱ्याला जाड एनडी फिल्टर लावला असेल, तर तो काढून पुन्हा सुरू करा. थरथर थांबली, तर वजनाचा तोल बिघडत होता. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला हलका फिल्टर घ्या आणि तो ड्रोन सुरू करण्यापूर्वीच लावत जा. गिंबलला धरणारे रबराचे डॅम्परही बघा, एखादा जागेवरून निसटलेला असू शकतो.

सगळे करूनही कॅमेरा एका ठरावीक कोनात आला की थरथरतो, इतर वेळी शांत असतो, असे दिसले तर रिबन केबल किंवा बेअरिंगवर संशय घ्या. तिथे कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा करत बसू नका, आणि तसा ड्रोन उडवूही नका. तो कोन लिहून ठेवा, थरथरीचा व्हिडिओ काढा आणि दोन्ही घेऊन दुरुस्ती केंद्रात जा.