समोरच्या खुर्चीइतकं अंतर

चि. सोनू,

तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर कोणता लावू, असं विचारलंस. स्पष्टच सांगतो, तिन्हींपैकी एकही नको. का नको, तेही सांगतो.

पहिला सेल्फी. त्यात नाक मोठं आलंय म्हणून तू खट्टू झालीस, पण तो दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे. हात लांब करून धरलेला फोन चेहऱ्यापासून जेमतेम दीड-दोन फुटांवर असतो. कानांपेक्षा नाक त्याच्या चार-पाच इंच जवळ असतं, आणि इतक्या कमी अंतरात तेवढ्यानेही नाक फुगतं, कान मागे जातात. सहा फुटांवरून तोच फरक जवळपास दिसेनासा होतो. पाहुणे घरी येतील तेव्हा टीपॉयपलीकडे, साधारण तेवढ्याच अंतरावर बसतील. तेव्हा फोटोही तिथूनच काढायचा. आईला फोन घेऊन सहा फुटांवर उभी कर, दुप्पट झूम लाव, आणि फोन तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांग. वरून धरला की कपाळ मोठं दिसतं, खालून धरला की हनुवटी.

दुसरा फोटो ताईच्या लग्नातला. सुंदर आहेस त्यात, पण तो चेहरा पार्लरमध्ये दोन तास बसून झालेला आहे. शिवाय त्याला तीन वर्षं झाली आणि तेव्हा तुला चष्मा नव्हता. रोज चष्मा लावतेस ना, मग फोटोतही लाव. काचेवर चमक आली तर हनुवटी किंचित खाली घे किंवा खिडकीपासून थोडी वळ, ती निघून जाते. आणि फोटो गेल्या सहा महिन्यांतलाच असू दे.

तिसऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. फिल्टर लावून तू रंग उजळ केलास. स्टुडिओ चालवायचो तेव्हा आम्ही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचो. पेन्सिल फिरली की प्रिंटमध्ये तेवढा भाग उजळायचा, सुरकुती आणि डाग जायचे. एका मुलीच्या वडिलांनी आग्रह केला म्हणून मी अख्खा चेहरा उजळून दिला. पाहायला आलेल्या बाईंनी तिच्यासमोरच पिशवीतून फोटो काढला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. कोणी काही बोललं नाही. पोहे तसेच राहिले. महिन्याभराने तिच्या वडिलांनी मला हे सांगितलं, त्या दिवसापासून लग्नासाठीच्या फोटोत रंगाला मी हात लावला नाही.

पण तुझी तक्रारही खरी आहे. फिल्टर नसताना त्या फोटोत तू आहेस त्याहून काळवंडलेली दिसतेस. त्याचं कारण मागची पांढरी भिंत. चौकटीत पांढरं फार असलं की कॅमेरा उजेड कमी करून घेतो आणि चेहरा काळोखतो. म्हणून पांढरी भिंत आणि पांढरा ड्रेस दोन्ही टाळ. मागे मातकट किंवा राखाडी पडदा असू दे, अंगावर ती मोरपंखी साडी नेस. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवलं की कॅमेरा उजेड चेहऱ्याच्या हिशेबाने धरतो. इतकं केलंस तरी तुझा मूळ सावळा रंग तुकतुकीत उतरेल. कॅमेऱ्याने केलेली चूक सुधारणं यात खोटेपणा नाही. खोटेपणा तुझा चेहरा बदलण्यात आहे.

उजेडासाठी सकाळी नऊच्या सुमारास हॉलच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर उभी राहा. थेट ऊन अंगावर नको. ट्यूबलाइट बंद कर, डोक्यावरच्या उजेडाने डोळ्यांखाली काळं पडतं. चेहरा खिडकीकडे अर्धा वळव, आणि दुसऱ्या गालाच्या बाजूला भावाला पांढरी चादर ताणून धरायला लाव. त्या बाजूची सावली मऊ होईल. वीस-पंचवीस फोटो काढा. एक कमरेपर्यंतचा आणि एक पूर्ण उंचीचा, असे दोन निवडायचे आहेत. पूर्ण उंचीच्या फोटोसाठी झूम काढून टाका, नाहीतर तू चौकटीत मावणार नाहीस.

शेवटची निवड मात्र तू करू नकोस. तू स्वतःला आरशात पाहतेस, म्हणजे उलटं. भांग आणि हनुवटीवरचा तीळ तुझ्या डोळ्यांना दुसऱ्या बाजूला सवयीचे आहेत, म्हणून सरळ फोटो तुला वाकडा वाटतो. रोज तुला पाहणाऱ्या शेजारच्या काकूंना त्यातले पाच फोटो दाखव. 'किती छान आलाय' असं म्हणतील तो बाजूला ठेव. 'अगदी अश्शीच दिसतेस' म्हणतील तो घे.

मंडळाला व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फोटो दाबला जाऊन बायोडेटाच्या छापील पानावर पुसट येतो.

रविवारी फोटो काढलेस की पाचही मला पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा