ठाण्यातले एकसष्ट हजार लोक कुठे गेले?

बस. वही मिटू नकोस, पान १८ उघड. तिथे तू तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलं आहेस: ‘२००१ ते २०११ या दशकात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ६१,८१७ ने घटली.’ खाली रेघ मारून दोन आकडे दिलेस, २००१ साली ८१,३१,८४९ आणि २०११ साली ८०,७०,०३२. वजाबाकी बरोबर आहे, मी तपासली. त्याखाली घटीची कारणं दिलीस. घरांच्या वाढत्या किमती, मुंबईकडे स्थलांतर, कुटुंबनियोजन. दीड पान कारणं!

तू रोज डोंबिवलीहून लोकलने येतोस. दारात लटकून येतोस, हेही मला माहीत आहे. त्या गर्दीत उभं राहून ‘इथली माणसं कमी होतायत’ असं लिहिताना हात कसा अडखळला नाही? या जिल्ह्याची लोकसंख्या त्या दशकात ३६ टक्क्यांनी वाढली. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता. आणि तू त्यातून एकसष्ट हजार माणसं मुंबईला पाठवून मोकळा झालास.

आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. दोन्ही खरे आहेत, म्हणूनच मला राग आला. खोटा आकडा निदान पकडता येतो. तुझे दोन्ही आकडे अस्सल, फक्त ते एकाच जिल्ह्याचे नाहीत.

नीट ऐक. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. ठाण्याकडे ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड असे सात उरले. तुझा ८१,३१,८४९ हा आकडा पंधरा तालुक्यांचा आहे आणि ८०,७०,०३२ हा सात तालुक्यांचा. वसई-विरार महानगरपालिकेतच २०११ साली बारा लाखांवर माणसं होती. तुझ्या मते मुंबईला गेलेली ती सगळी विरारला आपापल्या घरात बसली होती.

आता पान २३. इथे तू ठाण्याची लोकसंख्येची घनता काढलीस: दर चौरस किलोमीटरला २,६२५. कशी काढलीस ते वहीत कुठेच नाही, म्हणून मला उलटा हिशेब करावा लागला. क्षेत्रफळ तू ४,२१४ चौरस किलोमीटर धरलंस, तो आजच्या ठाण्याचा आकडा आहे. त्याने २,६२५ ला गुणलं तर एक कोटी दहा लाखांवर माणसं येतात. म्हणजे इथे लोकसंख्या घेतलीस जुन्या जिल्ह्याची, १,१०,६०,१४८. पान १८ वर तुझ्या ठाण्यात ऐंशी लाख माणसं आहेत आणि पाचच पानं पुढे एक कोटी दहा लाख. मधल्या पानांवर काय झालं, ते तूच सांग.

जुन्या हद्दीने हिशेब केला असतास, तर १,१०,६०,१४८ ला ९,५५८ चौरस किलोमीटरने भागून घनता १,१५७ आली असती. आजच्या हद्दीने ८०,७०,०३२ भागिले ४,२१४, म्हणजे १,९१५. दोन्ही उत्तरं योग्य आहेत, कारण प्रत्येकात वरचा आणि खालचा आकडा एकाच जमिनीचा आहे. तुझा २,६२५ हा आकडा पृथ्वीवरच्या कोणत्याही जागेला लागू पडत नाही.

‘स्रोत: जनगणना’ असं तू खाली लिहिलं आहेस. हा काय स्रोत झाला? पत्ता विचारल्यावर ‘महाराष्ट्र’ सांगण्यासारखं आहे हे. जनगणनेचे कोणते आकडे? २०११ च्या अस्थायी आकड्यांत ठाण्याची लोकसंख्या १,१०,५४,१३१ होती. अंतिम आकड्यांत ती १,१०,६०,१४८ झाली. दोन्ही जनगणनेचेच, दोन्ही २०११ चेच, आणि त्यांत ६,०१७ माणसांचा फरक. एखादा तुझा आकडा तपासायला गेला आणि त्याच्या हाती अस्थायी पुस्तिका लागली, तर तो म्हणेल तू चुकलास. तू म्हणशील तो चुकला. भांडत बसा दोघं.

आणि तक्ता कोणता, हे तर तुझ्या गावीच नाही. तक्त्याचं नाव लिहायचं ते मला खूश करण्यासाठी नाही. प्रत्येक तक्ता कोणत्या हद्दीने मांडला आहे ते ठरलेलं असतं. २०११ चा ए-२ तक्ता घे. त्यात १९०१ पासूनची प्रत्येक दशकाची लोकसंख्या दिली आहे, आणि मागचे आकडे २०११ च्या हद्दींना जुळवून घेतले आहेत. तळटिपांमध्ये कुठली गावं कुठे गेली तेही असतं. त्या तक्त्यात ठाण्यापुढे ८१,३१,८४९ आणि १,१०,६०,१४८ हे एकमेकांखाली दिसतात. तिथून उचलले असतेस, तर घटीची दीड पान कारणं लिहिण्याचे कष्ट वाचले असते. तू एक आकडा एका जागेहून आणलास, दुसरा दुसऱ्या जागेहून, आणि दोघांचं लग्न लावून दिलंस.

‘तारीख लिहिली आहे की मॅडम,’ असं काल म्हणालास. हो, लिहिली आहेस. ‘१२ जानेवारी रोजी पाहिले.’ ती तू पाहिल्याची तारीख. तीही हवी, कारण संकेतस्थळावरची फाइल उद्या बदलते आणि कोणती आवृत्ती पाहिलीस ते मागून कळावं लागतं. पण संदर्भ दिनांक म्हणजे ती नव्हे. आकडा कुठल्या क्षणाचं चित्र आहे, ते संदर्भ दिनांक सांगतो. २०११ च्या जनगणनेचा तो क्षण होता १ मार्च २०११, रात्री शून्य वाजता. गणक ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत घरोघरी हिंडले, मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी मारून मधल्या काळातले जन्म-मृत्यू जुळवून घेतले. ज्या घरी २ मार्चला मूल झालं, ते मूल मोजायचं नाही. जे आजोबा २ मार्चला गेले, ते मोजायचे. इतकं काटेकोर काम वीस लाखांहून जास्त गणकांनी आणि पर्यवेक्षकांनी केलं, आणि तू त्यावर नुसतं ‘२०११’ लिहून मोकळा होतोस.

दर वेळी १ मार्चच असतो असंही समजू नकोस. १९७१ साली मार्चमध्ये लोकसभेच्या मध्यावधी निवडणुका होत्या, म्हणून त्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ एप्रिल झाला. १९८१ साली तो परत १ मार्चवर आला. म्हणजे १९७१ ते १९८१ हे ‘दशक’ एका महिन्याने तोकडं आहे. दशकाच्या वाढीत त्याने फार बिघडत नाही, पण वार्षिक वाढीचा दर काढताना दहाने भागणारा थोडासा चुकतो आणि त्याला ते कळतही नाही.

आता तुझ्या खऱ्या चुकीकडे येते, कारण ती एकट्या तुझी नाही. सगळा वर्ग तीच करतो, आणि छापील पुस्तकांतही ती मी पाहिली आहे. ८०,७०,०३२ या आकड्याला तारखा दोन आहेत. माणसं मोजली १ मार्च २०११ ची आणि हद्द घेतली १ ऑगस्ट २०१४ ची. २०११ साली सात तालुक्यांचा ठाणे जिल्हा अस्तित्वातच नव्हता. कुणीतरी नंतर बसून तालुक्यांची बेरीज केली आणि हा आकडा तयार झाला. बेरीज करणं गैर नाही. पण त्यावर नुसतं ‘जनगणना २०११’ लिहिलंस, तर वाचणारा २०११ चे मूळ तक्ते उघडेल, ठाण्यापुढे एक कोटी दहा लाख बघेल आणि तुला लबाड म्हणेल. म्हणून भौगोलिक आकड्याखाली हद्दीची तारीख वेगळी लिहायची. मोजणी कधीची आणि रेघ कधीची, दोन्ही.

लिही. मी सांगते तसं, शब्द न गाळता. ‘ठाणे जिल्हा, १ ऑगस्ट २०१४ नंतरची हद्द, सात तालुके. एकूण लोकसंख्या ८०,७०,०३२. भारताची जनगणना २०११, प्रायमरी सेन्सस अॅब्स्ट्रॅक्ट, अंतिम आकडे, मूळ ठाणे जिल्हा (राज्य २७, जिल्हा ५१७) यातील तालुक्यांची बेरीज. संदर्भ क्षण १ मार्च २०११, ००:०० वाजता.’ पुढे सातही तालुक्यांची नावं आणि तू पाहिल्याची तारीख. संकेतांक लिहायला सांगितला म्हणून तोंड वाकडं करू नकोस. ‘ठाणे’ नावाचा जिल्हा आहे, तालुका आहे आणि महानगरपालिकाही आहे. नावावरून शोधणारा तिघांपैकी कुठेही जाऊन पडेल.

ही नोंद बरोबर आहे की नाही ते आत्ता इथे पाहू. पालघरची २०११ ची लोकसंख्या २९,९०,११६. त्यात तुझे ८०,७०,०३२ मिळव. किती आले? १,१०,६०,१४८. अंतिम तक्त्यातला जुन्या ठाण्याचा आकडा, शेवटच्या माणसापर्यंत. एकाचाही फरक पडला असता, तर एक तर कुठला तालुका सुटला असता, नाहीतर एका बाजूला अस्थायी आकडा घुसला असता. क्षेत्रफळाचंही तसंच बघ: ४,२१४ आणि ५,३४४ मिळून ९,५५८.

ही बेरीज इतकी सरळ जुळली, कारण विभाजन तालुक्यांच्या रेघेवरून झालं. प्रत्येक वेळी असं नशीब नसतं. तालुकाच मधून चिरला गेला तर गावांच्या यादीपर्यंत उतरावं लागतं. महानगरपालिकेची हद्द वाढून आसपासची गावं आत आली, तरी तेच. अशा वेळी कोणती गावं धरलीस त्याची यादी नोंदीत हवी, नाहीतर तुझी बेरीज दुसऱ्या कुणाला करता येणार नाही.

पान १८ आणि २३ फाडू नकोस. वर आडवी रेघ मार, चूक दिसू दे. पान २७ वरही काहीतरी आहे. ‘ठाणे हा भारतातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा आहे.’ ‘आहे’ खोड आणि त्या जागी काय येतं ते तूच ठरव.

आणि सुधारलेली वही उद्या माझ्याकडे आणू नकोस. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला दे. तिला एक शब्दही सांगायचा नाहीस. ती तुझ्या नोंदी घेऊन ग्रंथालयात जाईल आणि त्यांतला कुठलाही एक आकडा मूळ तक्त्यात शोधेल. तिला तो सापडला की तिची सही घे, मग मी वही हातात घेईन. आणि तिची वही तू घेऊन जा. तिनेही खाली ‘स्रोत: सरकारी’ लिहिलंय.