तळेगावचे दोन सौदे आणि जोखमीचा वाटा

एक कंपनी दुसरी विकत घेते तेव्हा चर्चा होते ती किमतीची. पैसे रोख दिले की त्याऐवजी स्वतःचे समभाग दिले, ही बाब हिशेबनीसांवर सोडली जाते. प्रत्यक्षात किमतीइतकंच वजन या दुसऱ्या गोष्टीला आहे, कारण अंदाज चुकला तर तोटा कोणी सोसायचा हे तिथे ठरतं. रोखीत विकणारा पैसे मोजून घेतो आणि बाहेर पडतो. पुढचं बरंवाईट सगळं घेणाऱ्याचं. समभागांच्या अदलाबदलीत विकणारा नव्या संसारात भागीदार म्हणून राहतो, आणि नफ्याबरोबर तोट्यातही त्याचा वाटा असतो. मावळातल्या तळेगाव परिसरात गेल्या काही वर्षांत या दोन्ही प्रकारचे मोठे सौदे झाले, म्हणून हा फरक तिथे चांगला तपासता येतो.

आपल्याकडे हा विचार सुरू झाला तो जोखमीपासून नव्हे, न्याय्यतेपासून. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यात असलेली टाटा ऑइल मिल्स अर्थात टॉम्को ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करायचं ठरलं. टॉम्कोच्या 15 समभागांमागे लिव्हरचे 2 समभाग, असं प्रमाण होतं. हिंदुस्थान लिव्हरच्या कामगार संघटनेने विलीनीकरणाला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1994च्या निकालात न्यायालयाने भूमिका घेतली ती अशी की, तज्ज्ञांनी मूल्यांकन केलेलं आहे, भागधारकांनी प्रचंड बहुमताने ते मान्य केलं आहे, तेव्हा प्रमाणाचं गणित आम्ही नव्याने मांडणार नाही. भूमिका समजण्यासारखी होती; पण बहुमत कोणाचं, हा प्रश्न तिने पुढच्या काळासाठी शिल्लक ठेवला. अमेरिकेत 1999 साली आल्फ्रेड रॅपापोर्ट आणि मार्क सिरोवर यांनी चर्चेचा रोख बदलला. खरेदीदार बाजारभावावर जो अधिमूल्याचा बोजा उचलतो तो वसूल होईल की नाही, याची जोखीम रोखीत एकट्या खरेदीदाराच्या भागधारकांवर येते आणि समभागांत ती वाटली जाते, हे त्यांनी नीट मांडलं. आपल्याला त्याचा प्रत्यय 2007 साली आला. टाटा स्टीलने कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी प्रतिसमभाग 608 पेन्स रोख देऊन घेतली, त्यातही मोठा हिस्सा कर्जाचा. कोरसचे भागधारक पैसे घेऊन मोकळे झाले. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, आणि युरोपातल्या पोलादाचा सगळा भार टाटा स्टीलच्या भागधारकांच्या खांद्यावर राहिला.

आता तळेगाव. तिथे इना बेअरिंग्ज ही जर्मनीच्या शेफलर समूहाची खासगी कंपनी होती. याच समूहाची लुक इंडिया तमिळनाडूत होसूरला होती, आणि शेअर बाजारात नोंदलेली जुनी एफएजी बेअरिंग्ज, जिचं नाव 2017 साली शेफलर इंडिया झालं, ती वडोदऱ्याला. ऑगस्ट 2017 मध्ये या तिन्हींच्या विलीनीकरणाचा निर्णय जाहीर झाला. इनाच्या 65 समभागांमागे शेफलर इंडियाचे 10 आणि लुकच्या 35 समभागांमागे 10, असं प्रमाण ठरलं. रोख रक्कम नव्हती. सुमारे 1.46 कोटी नवे समभाग समूहाला मिळाले, आणि नोंदलेल्या कंपनीतला त्याचा हिस्सा 51.33 टक्क्यांवरून 74.13 टक्क्यांवर गेला. म्हणजे सार्वजनिक भागधारकांचा हिस्सा 48.67 वरून 25.87 टक्क्यांवर उतरला.

पहिल्या नजरेत हे सार्वजनिक भागधारकांचं नुकसान वाटतं, आणि त्या वेळी आक्षेपही तोच घेता आला असता: हिस्सा जवळजवळ अर्धा झाला, त्यापेक्षा कंपनीने रोख देऊन इना आणि लुक का घेतल्या नाहीत? यासाठी एक कल्पित आकडा घेऊ. समजा मूल्यांकनात चूक झाली आणि दोन्ही कंपन्यांची किंमत 100 रुपये जास्त धरली गेली. रोखीने सौदा केला असता तर ते 100 रुपये शेफलर इंडियाच्या तिजोरीतून समूहाकडे गेले असते. समूहाच्या 51.33 टक्के हिश्श्याला त्यातले 51 रुपये 33 पैसे सोसावे लागले असते, पण हातात 100 आलेले असते. सार्वजनिक भागधारकांच्या वाट्याला 48 रुपये 67 पैशांचा निव्वळ तोटा. समभागांच्या सौद्यात मात्र तेच 100 रुपये कमी निघाले तर नव्या कंपनीतल्या सगळ्यांचीच अपेक्षा तेवढ्याने फसते, आणि सार्वजनिक भागधारकांच्या वाट्याला 25 रुपये 87 पैसे येतात. घटलेल्या हिश्श्याच्या बदल्यात त्यांना मिळालं ते हे संरक्षण. याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी: त्या कंपन्या अपेक्षेपेक्षा 100 रुपयांनी सरस निघाल्या, तर त्यातलेही 25 रुपये 87 पैसेच त्यांचे. जोखीम वाटून घेतली की वरकडही वाटावी लागते.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. संरक्षण अर्धवट आहे, कारण प्रमाण ठरवणारा आणि नवे समभाग घेणारा एकच समूह आहे. प्रमाणच त्याच्या बाजूने झुकलं तर वाटणी करूनही तोटा उरतो. हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्याचं उत्तर गणितात नाही, मतदानात आहे. 1994च्या निकालाने मोघम ठेवलेला बहुमताचा प्रश्न सेबीने 2013 साली हाती घेतला: विलीनीकरणात प्रवर्तक गटाला नवे समभाग मिळणार असतील, तर सार्वजनिक भागधारकांच्या मतांत स्वतंत्रपणे बहुमत मिळालं पाहिजे. ज्यांच्यावर जोखीम येते त्यांचीच मतं वेगळी मोजायची, हा या विचाराच्या प्रवासातला सगळ्यात मोलाचा टप्पा आहे असं मी मानतो. एक बारकावा तरीही राहतो. निर्णय ऑगस्ट 2017चा, विलीनीकरण अमलात आलं ऑक्टोबर 2018 मध्ये. समभागांची संख्या ठरलेली असली की मधल्या चौदा महिन्यांतली भावाची चढउतार दोन्ही बाजूंना सोसावी लागते. संख्येऐवजी रक्कम ठरवली असती, तर भाव पडल्यावर खरेदीदाराला जास्त समभाग द्यावे लागले असते आणि ती जोखीम एकट्या त्याच्यावर आली असती.

रोखीत विकणारा मोकळा होतो, हे विधानही जरा सांभाळूनच करावं लागतं. तळेगावातला जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली सुरू झाला. जानेवारी 2020 मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचं ठरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगीची अट घातली. परवानगी आली नाही, आणि 2022 साली सौदा सोडून द्यावा लागला. दरम्यान 2020च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलेलं होतं. बंद कारखान्याचा खर्च विकणाऱ्याच्याच माथी राहिला, कारण रोख हाती पडेपर्यंत मालमत्ता आणि तिची जोखीम दोन्ही त्याचीच असतात. अखेर ह्युंदाईने ऑगस्ट 2023 मध्ये करार केला आणि जानेवारी 2024 मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

ह्युंदाईने कंपनी घेतली नाही. जमीन, इमारती आणि ठरावीक यंत्रसामग्री घेतली. जुनी देणी आणि जुने वाद तिच्याकडे आले नाहीत. खरेदीदाराच्या नजरेने ही मोठी सोय, पण अशा सौद्यात मागे राहतात ते कामगार. विलीनीकरणाच्या योजनेत सेवेत खंड न पडता कामगार नव्या कंपनीत जातात, असं कलम सहसा असतंच. मालमत्तेच्या रोख खरेदीत तसं आपोआप होत नाही. जनरल मोटर्सच्या कामगारांना नोकऱ्यांसाठी आंदोलन करावं लागलं, न्यायालयात जावं लागलं. भागधारकांमधली वाटणी आपण पैशापैशापर्यंत मोजू शकतो, आणि 2013 पासून त्यांची मतंही वेगळी मोजतो. कामगाराच्या वाट्याला किती जोखीम आली याचा रकाना मात्र कोणत्याही मूल्यांकन अहवालात अजून नाही, आणि सौदा रोखीचा असो की समभागांचा, त्याचं मत कुठेच विचारलं जात नाही.