ढबू

नोव्हेंबर महिना आम्हा पेन्शनरांचा. आपण अजून जिवंत आहोत हे बँकेला सांगण्याचा. तर हयातीचा दाखला द्यायला मी मंगळवारी शाखेत गेलो. रांग बरीच होती. पुढे सतरा-अठरा माणसं. आत काचेच्या केबिनमध्ये माझी पुतणी बसलेली. जूनमध्ये बदली होऊन ती याच शाखेत मॅनेजर म्हणून आली आहे. समोर दोन गृहस्थ कर्जाची फाईल घेऊन बसले होते आणि त्यांचं काम होणार नाही, हे ती त्यांना शांतपणे सांगत असावी, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. दार उघडं होतं. मी रांगेतूनच हाक मारली, "अगं ढबू!"

लहानपणी ती गुटगुटीत होती. ढब्बू मिरचीसारखी, असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. आता ती चाळिशीची आहे आणि माझ्यापेक्षा सडपातळ आहे, पण नावं काही वजन बघून बदलत नाहीत. कॅशियरनं मान वर केली. फाईलवाल्यांपैकी एकजण मागे वळून माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघून हसला. ती बाहेर आली, माझा अंगठा यंत्रावर नीट उमटेपर्यंत थांबली, चहा पाजला. एका शब्दानं काही बोलली नाही.

शुक्रवारी रात्री मोबाईलवर तिचा मेसेज आला. तिची परवानगी घेऊन इथे देतो.

"काका, नमस्कार. मंगळवारी तुम्ही आलात, बरं वाटलं. एक विनंती आहे. घरी मला ढबूच म्हणा, नाही म्हटलंत तर मलाच चुकल्यासारखं होईल. पण माझ्या बँकेतली माणसं समोर असतील तेव्हा नावानं हाक मारा. त्यांच्यातल्या काहींना मला कामाबद्दल बोलावं लागतं, आणि ते नाव एकदा त्यांच्या तोंडी गेलं की परत घेता येत नाही. येत्या २० तारखेला वास्तुशांतीला शाखेतले चार-पाच जण येणार आहेत, म्हणून आत्ताच लिहिलं. घरातल्या बाकी सगळ्यांनाही कळवणार आहे, पण तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं. रागावू नका."

रागावलो. खोटं कशाला बोलू? जिला कडेवर घेऊन पर्वती चढलो, ती मला हाक कशी मारायची ते शिकवणार? उत्तर लिहिलं, "यापुढे मॅडमच म्हणत जाऊ." आणि पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. शिवाय पुस्ती जोडली, की अगं, टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरी म्हणायचे बाळ, आणि साऱ्या देशानं बाळ गंगाधरच म्हटलं ना? बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "बाळ गंगाधर टिळक ही सही ते स्वतः करायचे. ही ढबू म्हणून सही करते का?"

मेसेज पुसला आणि तिचा पुन्हा वाचला. वाचता वाचता लक्षात आलं, की पोरीनं चांगलाच विचार करून लिहिलाय. 'मला लाज वाटते' असं ती कुठेही म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर आम्ही सगळे धावून गेलो असतो, की आपल्या माणसांची कसली लाज! मग वाद नावाचा राहिलाच नसता, घराण्याचा झाला असता. 'तुम्ही केलंत' असंही नाही. आणि मुख्य म्हणजे तिनं रेघ जागेवर ओढलेली नाही, माणसांवर ओढली आहे. 'बँकेत म्हणू नका' एवढंच लिहिलं असतं तर वास्तुशांत घरातच आहे की, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. फोन स्पीकरवर असताना किंवा तिच्या बढतीच्या फोटोखाली शाब्बासकी लिहितानाही तीच रेघ लागू होते. मागच्या वर्षी तशा एका फोटोखाली तिच्या मामानं 'शाब्बास ढबे' लिहिलं होतं. तोंडची हाक विरून तरी जाते, हे अजून तिथे आहे.

जुन्या लोकांना हे कळत होतं, असं मला वाटतं. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाच्या एका नावाविषयी असं सांगितलंय, की मुंज होईपर्यंत ते फक्त आईवडिलांनाच ठाऊक असावं. कारणं वेगळी असतील, पण घरात ठेवायचं एक नाव आणि बाहेर न्यायचं दुसरं, ही सोय आपल्याकडे फार जुनी. आपण तिची अदलाबदल केली.

खरी गोष्ट पुढे आहे. मी स्वतः बंड्या. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती तेव्हा आत्यानं ऑफिसात फोन करून विचारलं, "बंड्या आहे का?" फोन हॉलच्या टोकाला. शिपायानं ते जसंच्या तसं ओरडून सांगितलं. त्या दिवसापासून मी बंडोपंत. निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबांनीसुद्धा भाषणाची सुरुवात 'आपले बंडोपंत' अशीच केली आणि हॉल हसला. मीही हसलो. तीस वर्षं हसतच होतो. एखाद्याला उशिरा आल्याबद्दल बोलायला गेलो की त्याच्या डोळ्यांत आधी बंडोपंत दिसायचे, वरिष्ठ मागाहून.

हे सगळं माहीत असताना मी त्या मंगळवारी तसं का केलं? प्रेमानं, असं मी बायकोला सांगितलं. पण प्रेमाला रांग संपेपर्यंत थांबायला काय हरकत होती? पुढच्या सतरा माणसांना कळावं, की आत खुर्चीवर बसलीय ती आमची, आणि तिला या नावानं हाक मारायचा अधिकार मला आहे, हे त्यामागे होतं. नाव तिचं वापरलं, मोठेपणा मी मिळवला. आत्याचं मला ठाऊक नाही. तिला बिचारीला कदाचित माझं दुसरं नाव आठवलंच नसेल.

रविवारी तिनं घरच्या ग्रुपवर तोच मजकूर, माझा उल्लेख गाळून, टाकला. एक अंगठा, दोन नमस्कार, आणि तिच्या एका आतेभावाचं 'ओके ढबू मॅडम'. तिनं त्याला उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर दुपारपर्यंत तोच खेळ चालला असता. आजीला मात्र तिनं काहीच सांगितलं नाही. आजी शहाऐंशीची आहे, तिच्या तोंडून दुसरं नाव येणार नाही आणि आणवायचंही नाही, असं ती मला फोनवर म्हणाली.

२० तारखेला मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं नाव आम्हीच ठेवलेलं, बारशाला माझ्याच बहिणीनं कानात सांगितलेलं, पण माझ्या जिभेवर ते कधी बसलेलंच नव्हतं. परक्या मुलीला हाक मारल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी तो कॅशियर शेजारी ताट घेऊन उभा असताना, जिलबी संपल्याचं सांगायला मी घाईघाईत "मॅडम, जरा इकडे" असं म्हणून गेलो.

ती जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काका, एवढंही नको."